मॉनिटरची केबल मदरबोर्डला की ग्राफिक्स कार्डला? चूक ओळखण्याची आणि दुरुस्त करण्याची पद्धत

ग्राफिक्स कार्ड बसवलेल्या डेस्कटॉप संगणकाच्या मागे मॉनिटरची केबल बसू शकेल अशा जागा दोन ठिकाणी असतात. एक मदरबोर्डवर असते आणि दुसरी ग्राफिक्स कार्डवर. दोन्हींचा आकार सारखा असतो, केबल दोन्हींत सारखीच बसते आणि पुष्कळ संगणकांवर दोन्हींतून चित्रही येते. त्यामुळे केबल चुकून मदरबोर्डला लागली, तरी महिनोन्महिने कोणाच्या लक्षात येत नाही. गेम अडखळतो, १४४ हर्ट्झचा मॉनिटर ६० वरच चालतो, आणि दोष मात्र कार्डाला, ड्रायव्हरला किंवा दुकानदाराला दिला जातो.

पुढील पायऱ्या विंडोज १० किंवा ११ असलेल्या डेस्कटॉपसाठी आहेत. लॅपटॉपमध्ये बाहेरचा पोर्ट आतून कशाला जोडायचा हे कारखान्यातच ठरलेले असते, म्हणून हा लेख त्याला लागू होत नाही.

## आधी एवढे समजून घ्या: चित्र दिसले म्हणजे जोडणी बरोबर झाली असे नव्हे

मदरबोर्डवरील एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्टच्या मागे प्रोसेसरमधील अंगभूत ग्राफिक्स असते. मदरबोर्ड त्याला बाहेर यायला केवळ वाट देतो. म्हणून केबल चुकीच्या ठिकाणी लागल्यावर काय दिसेल, हे प्रोसेसर कोणता आहे यावर अवलंबून असते.

प्रोसेसरमध्ये अंगभूत ग्राफिक्स नसेल, तर पडदा काळा राहतो आणि मॉनिटरवर सिग्नल नसल्याची सूचना येते. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या क्रमांकाशेवटी F किंवा KF असते ते, आणि एएमडीच्या रायझन ५००० मालिकेपर्यंतचे G हे अक्षर नसलेले डेस्कटॉप प्रोसेसर या गटात मोडतात. ही चूक त्रासदायक असली तरी ती लपून राहत नाही.

प्रोसेसरमध्ये अंगभूत ग्राफिक्स असेल, पण कार्ड बसलेले पाहून बायोसने, म्हणजे संगणक सुरू होताच विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डच्या प्रोग्रॅमने, ते बंद केले असेल, तरीही पडदा काळाच राहतो. येथे गोंधळ असा होतो की, कालपर्यंत ज्या पोर्टमधून चित्र येत होते तोच पोर्ट कार्ड बसवल्याबरोबर मुका होतो आणि नवे कार्ड बिघडलेले आहे असे वाटते.

तिसरी शक्यता सर्वांत फसवी आहे. अंगभूत ग्राफिक्स चालू असते, मदरबोर्डच्या पोर्टमधून स्वच्छ चित्र येते, ब्राउझर चालतो, चित्रपट चालतो आणि सारे काही ठीक आहे असे वाटते. २०२२ मध्ये आलेल्या रायझन ७००० मालिकेपासून एएमडीच्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरमध्येही छोटेसे अंगभूत ग्राफिक्स असते. त्यामुळे ज्यांच्या जुन्या रायझन ५६०० ने चुकीची केबल काळ्या पडद्याने लगेच दाखवून दिली असती, त्यांना रायझन ७६०० वर तीच चूक कळतही नाही.

यात आणखी एक गुंता आहे. आताचे विंडोज मॉनिटर मदरबोर्डला जोडलेला असतानाही एखादा गेम ग्राफिक्स कार्डावर चालवू शकते. कार्ड चित्र तयार करते, ते पीसीआय एक्सप्रेसच्या वाटेने अंगभूत ग्राफिक्सकडे पाठवले जाते आणि तेथून मॉनिटरवर जाते. १९२० बाय १०८० चे एक चित्र, प्रत्येक बिंदूला ४ बाइट धरले तर, सुमारे ८३ लाख बाइटचे होते. सेकंदाला १४४ चित्रे पाठवायची म्हटली तर दर सेकंदाला सुमारे १.२ जीबीची ही फुकटची वाहतूक झाली. एवढी वाहतूक ती वाट सहज पेलते. मात्र प्रत्येक चित्राला थोडा उशीर होतो, गेमचा वेग काहीसा घटतो आणि मदरबोर्डच्या पोर्टची रिफ्रेश रेटची, म्हणजे सेकंदाला किती चित्रे दाखवता येतात याची, मर्यादा गळ्यात पडते. शिवाय कोणता गेम कार्डावर न्यायचा याचा विंडोजचा अंदाज दर वेळी बरोबर येतोच असे नाही.

## एक प्रसंग

दिवाळीच्या साफसफाईनंतर माझ्या भाच्याचा संगणक ‘स्लो’ झाला. कोअर आय५-१२४०० प्रोसेसर, आरटीएक्स ३०६० कार्ड आणि १४४ हर्ट्झचा मॉनिटर, अशी जुळणी. त्याचे म्हणणे असे होते की, “मामा, एक गेम नीट चालतो, म्हणजे कार्ड ठीक आहे, दुसराच अडकतो, तेव्हा त्या गेममध्येच गडबड आहे.” तर्क वाजवी वाटतो, पण तो चुकीचा होता. पहिला गेम विंडोजने कार्डावर नेला होता, दुसरा अंगभूत ग्राफिक्सवर चालत होता आणि मॉनिटर मदरबोर्डला जोडलेला होता.

ही चूक झाली कशी, तेही पाहण्यासारखे आहे. त्याचे कॅबिनेट टेबलाच्या खालच्या कप्प्यात, भिंतीला पाठ टेकवून ठेवलेले असते. पुसून झाल्यावर त्याने ते आत सरकवले आणि मागे हात घालून चाचपडत केबली लावल्या. आरटीएक्स ३०६० च्या बहुतेक कार्डांवर तीन डिस्प्लेपोर्ट आणि एकच एचडीएमआय असतो. एचडीएमआयची केबल तीन जागी बसेना, हात वर सरकला, तेथे एक एचडीएमआय सापडला आणि ती बसली. चित्र आले आणि विषय संपला. माझ्या अनुभवात ही चूक बहुतेक वेळा अशीच, न पाहता केबल लावल्याने होते.

## टप्पा १: केबलला हात लावण्यापूर्वी पडद्यावर तपासा

पडदा काळा असेल तर हा टप्पा सोडून थेट टप्पा २ वर जावे. चित्र येत असेल तर आधी येथेच खात्री करून घ्यावी, कारण जोडणी बरोबर निघाली तर कॅबिनेट ओढून काढण्याचा खटाटोप वाचतो.

Settings > System > Display > Advanced display येथे जावे. (विंडोज १० मध्ये शेवटच्या दुव्याचे नाव Advanced display settings असे आहे.) तेथे मॉनिटरच्या नावाखाली Connected to या शब्दांपुढे ज्याचे नाव लिहिलेले असते, त्यालाच केबल जोडलेली आहे. Connected to NVIDIA GeForce किंवा आपल्या कार्डाचे रेडिऑनचे नाव दिसले तर जोडणी योग्य आहे. Intel(R) UHD Graphics किंवा नुसतेच AMD Radeon(TM) Graphics असे दिसले, तर केबल मदरबोर्डला लागलेली आहे.

सावधगिरी: एएमडीचा प्रोसेसर आणि एएमडीचेच कार्ड असेल तर दोन्ही नावांत रेडिऑन असते आणि घाईत फसगत होते. कार्डाच्या नावात RX आणि मॉडेल क्रमांक असतो. अंगभूत ग्राफिक्सच्या नावात सहसा RX नसते.

हीच गोष्ट एका आज्ञेनेही पाहता येते. स्टार्ट मेनूतून PowerShell उघडून पुढील ओळ द्यावी.

```
Get-CimInstance Win32_VideoController | Select-Object Name, CurrentHorizontalResolution, CurrentRefreshRate
```

भाच्याच्या संगणकावर उत्तर असे आले:

```
Name                      CurrentHorizontalResolution CurrentRefreshRate
Intel(R) UHD Graphics 730                        1920                 60
NVIDIA GeForce RTX 3060
```

ज्या ओळीपुढे आकडे आहेत ते ग्राफिक्स मॉनिटर चालवत आहे. एनव्हिडियाच्या ओळीपुढची जागा कोरी आहे, म्हणजे कार्ड बसलेले आहे, विंडोजला ते दिसतेही आहे, पण त्याला एकही मॉनिटर जोडलेला नाही.

पुष्कळ जण या तपासणीऐवजी टास्क मॅनेजर उघडतात, त्यात GPU 0 आणि GPU 1 असे दोन आलेख पाहतात आणि कार्डाचा आलेख हलतो म्हणून निश्चिंत होतात. तो पुरावा अपुरा आहे. कार्ड काम करते आहे एवढेच त्यावरून कळते. चित्र कोणत्या वाटेने बाहेर पडते हे कळत नाही. टास्क मॅनेजरचा खरा उपयोग दुसरा आहे. त्यातील Details या भागात स्तंभांच्या नावावर उजवी क्लिक करून GPU engine हा स्तंभ जोडला की, कोणता गेम कोणत्या ग्राफिक्सवर चालतो आहे हे GPU 0 - 3D किंवा GPU 1 - 3D अशा रूपात दिसते. शून्य क्रमांक कोणाचा आणि एक क्रमांक कोणाचा, हे मात्र गृहीत धरू नये. Performance या भागात त्या आलेखावर उजवीकडे वर नाव लिहिलेले असते, ते वाचावे.

एनव्हिडियाच्या कार्डावर आणखी एक खूण मिळते. NVIDIA Control Panel उघडल्यावर NVIDIA Display settings are not available अशी सूचना येते, किंवा डावीकडच्या यादीत केवळ 3D Settings चा भाग दिसून Display चा भागच नसतो. लोक ही सूचना वाचून ड्रायव्हर काढतात आणि पुन्हा टाकतात. ड्रायव्हर ठीक असतो; त्याच्या कार्डाला मॉनिटर जोडलेला नाही, एवढेच तो सांगत असतो.

## टप्पा २: मागची बाजू डोळ्यांनी पाहा

उभ्या कॅबिनेटच्या मागे वरच्या अर्ध्या भागात एक आयताकृती पत्रा दिसतो. त्यात यूएसबीचे पोर्ट, नेटवर्क केबलची जागा आणि हेडफोन-स्पीकरची गोल भोके असतात. तो मदरबोर्डचा भाग. त्याखाली आडव्या पट्ट्यांची रांग असते आणि त्यांतील एका किंवा दोन पट्ट्यांच्या जागी कार्डाचे तीन-चार पोर्ट आडव्या ओळीत असतात. तो कार्डाचा भाग.

वर आणि खाली अशी खूणगाठ मात्र बांधू नये. काही कॅबिनेटांत मदरबोर्ड उलटा बसतो आणि काहींत कार्ड उभे लावलेले असते. त्यापेक्षा शेजार पाहावा: ज्या पोर्टच्या शेजारी यूएसबी, नेटवर्क आणि आवाजाच्या जागा आहेत तो मदरबोर्डचा, ज्याच्या शेजारी फक्त मॉनिटरचेच पोर्ट आहेत तो कार्डाचा. (आरटीएक्स २० मालिकेतील काही कार्डांवर एक टाइप-सी पोर्ट आढळतो, तेवढाच अपवाद माझ्या पाहण्यात आहे.)

कॅबिनेट ओढणे अवघड असेल, तर मोबाइलचा फ्लॅश चालू करून हात मागे न्यावा आणि फोटो काढावा. त्या फोटोवर कोणती केबल कोठे आहे हे नीट पाहावे आणि काम संपेपर्यंत तो ठेवावा. चाचपडून काम करू नये. चूक तशीच झाली होती.

नव्या कार्डांच्या पोर्टवर प्लॅस्टिकची काळी झाकणे असतात. काळ्या पत्र्यावर ती दिसत नाहीत आणि कार्डाला पोर्टच नाहीत असा समज होतो. नखाने ओढली की ती निघतात. त्यांतले एचडीएमआयचे झाकण जपून ठेवावे, ते शेवटी लागणार आहे.

पडताळणी: आता तीन गोष्टी सांगता आल्या पाहिजेत. केबल सध्या कोठे आहे, कार्डावर कोणत्या प्रकारचे पोर्ट आहेत, आणि हातातील केबल त्यांपैकी कोणत्यात बसते. एचडीएमआयचे दोन्ही खालचे कोपरे तिरके असतात. डिस्प्लेपोर्टचा एकच कोपरा कापलेला असतो. कार्डावरील कोणत्याच पोर्टमध्ये तुमची केबल बसत नसेल, तर पुढे जाण्यापूर्वी खालचा व्हीजीएचा भाग वाचावा.

## टप्पा ३: संगणक पूर्ण बंद करा आणि केबल हलवा

एचडीएमआयची केबल चालू संगणकावरही काढता-घालता येते, हे खरे आहे. तरीही येथे संगणक बंद करण्याची दोन कारणे आहेत. पहिले असे की, चित्र कोणत्या ग्राफिक्सवरून दाखवायचे हे बायोस सुरुवातीलाच ठरवते, त्यामुळे केबल हलवल्यावर संगणक नव्याने सुरू होणे उत्तम. दुसरे घरातल्या वायरिंगचे. ज्या घरांत अर्थिंग धड नसते तेथे कॅबिनेट आणि मॉनिटरच्या धातूच्या भागांना हात लावला की झिणझिण्या येतात, आणि अशा वेळी चालू स्थितीत केबल जोडल्यास पोर्टला इजा होण्याचा धोका असतो.

क्रम असा ठेवावा. विंडोजमधून Shut down करावे. मग कॅबिनेटचा मागचा स्विच, असल्यास, बंद करावा. त्यानंतर कॅबिनेट आणि मॉनिटर या दोन्हींच्या पिना सॉकेटमधून काढाव्यात. संगणक यूपीएसवर असेल तर भिंतीवरचे बटण बंद करून भागत नाही, कारण यूपीएस बॅटरीवर वीज देतच राहतो. तोही बंद करावा. शेवटी कॅबिनेटचे पॉवर बटण पाच-सात सेकंद दाबून धरावे, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते.

आता मदरबोर्डमधील केबल काढावी. एचडीएमआय सरळ बाहेर येते. डिस्प्लेपोर्टच्या बहुतेक केबलींना वरच्या अंगाला एक खटका असतो. तो दाबून धरल्याशिवाय केबल ओढू नये. न दाबता ओढल्याने पोर्टच कार्डावरून सैल होतो. व्हीजीएचे दोन्ही स्क्रू पूर्ण सोडवावेत.

तीच केबल कार्डाच्या पोर्टमध्ये सरळ आणि शेवटपर्यंत बसवावी. या वेळी दुसऱ्या हाताने कॅबिनेट धरावे. कार्ड जड असते, आणि मागून जोर लावल्याने ते आतल्या खाचेत किंचित तिरके होऊ शकते. मॉनिटर आणि कार्ड दोन्हींवर डिस्प्लेपोर्ट असेल आणि तशी केबल घरात असेल, तर तीच वापरणे चांगले. कित्येक १४४ हर्ट्झच्या मॉनिटरांवर पूर्ण वेग एचडीएमआयमधून मिळत नाही, डिस्प्लेपोर्टमधून मिळतो.

पडताळणी: वीज जोडण्यापूर्वी मागचा फोटो पुन्हा काढावा आणि आधीच्या फोटोशी ताडून पाहावा.

## टप्पा ४: सुरू करा, चित्र आले नाही तर या क्रमाने पाहा

आधी मॉनिटर आणि मग संगणक सुरू करावा. चित्र आले तर टप्पा ५ कडे जावे.

चित्र न आल्यास बहुतेक जण लगेच केबल पुन्हा मदरबोर्डला लावतात, तेथून चित्र येते, आणि “कार्डावर चालतच नाही” असा निष्कर्ष काढून तसेच काम करत राहतात. त्याऐवजी पुढील गोष्टी याच क्रमाने पाहाव्यात.

सर्वांत आधी मॉनिटरचा इनपुट. केबलचा प्रकार बदलला असेल, म्हणजे एचडीएमआय काढून डिस्प्लेपोर्ट लावला असेल, तर मॉनिटर अजून जुन्याच इनपुटवर अडकून बसलेला असू शकतो. मॉनिटरच्या बटणांनी Input किंवा Source बदलावा.

त्यानंतर कार्डाची वीज. मोठ्या कार्डांना एसएमपीएसमधून येणारी सहा किंवा आठ पिनांची वेगळी केबल लागते. ती सैल असेल तर काही कार्डे पडद्यावर वीजकेबल जोडण्याची सूचना दाखवतात, तर काही नुसतेच मौन धरतात. संगणक पुन्हा पूर्ण बंद करून, बाजूचा पत्रा काढून, ती केबल खटका बसल्याचा आवाज येईपर्यंत दाबावी आणि कार्ड खाचेत सरळ बसले आहे का तेही पाहावे. साफसफाईत कॅबिनेट आडवे-उभे केले असेल तर हे जरूर करावे.

शेवटी बायोस. केबल तात्पुरती मदरबोर्डला लावून सुरू होताच Del किंवा F2 वारंवार दाबावे. Primary Display, Initial Display Output किंवा अशाच अर्थाच्या नावाखाली IGD, PEG, PCIE असे पर्याय असतात. नाव कंपनीप्रमाणे बदलते. IGD म्हणजे अंगभूत ग्राफिक्स. PEG किंवा PCIE म्हणजे कार्ड. कार्डाचा पर्याय निवडून बदल जतन करावा, संगणक बंद करावा आणि केबल पुन्हा कार्डाला लावावी.

सावधगिरी: याच पानावर अंगभूत ग्राफिक्स पूर्ण बंद करण्याचाही पर्याय असतो. तो या टप्प्यावर वापरू नये. कार्डातून चित्र येत नसताना अंगभूत ग्राफिक्सही बंद केले, तर दोन्हीकडचा पडदा काळा होतो आणि बायोस मूळ स्थितीत आणण्यासाठी कॅबिनेट उघडावे लागते.

## टप्पा ५: ड्रायव्हर आणि रिफ्रेश रेट

केबल हलवली की काम झाले, असे समजून बरेच जण येथेच थांबतात आणि अर्धाच फायदा पदरात पाडून घेतात.

संगणक पहिल्या दिवसापासून मदरबोर्डच्या पोर्टवर चालत असेल, तर कार्डाचा ड्रायव्हर कधी टाकलाच गेला नसण्याची शक्यता असते. अशा वेळी चित्र मोठे आणि फिसकटलेले दिसते आणि Advanced display मध्ये Microsoft Basic Display Adapter असे नाव येते. घाबरण्याचे कारण नाही. कार्डाच्या चिपच्या कंपनीच्या, म्हणजे एनव्हिडिया, एएमडी किंवा इंटेलच्या संकेतस्थळावरून त्या मॉडेलचा ड्रायव्हर उतरवून टाकावा आणि संगणक पुन्हा सुरू करावा.

मग Advanced display मध्येच Choose a refresh rate या यादीतून मॉनिटरचा पूर्ण आकडा निवडावा. नव्या पोर्टला मॉनिटर जोडला की विंडोज त्याला नवी जोडणी मानते आणि बऱ्याचदा ६० हर्ट्झवरच ठेवते. भाच्याच्या मॉनिटरला मदरबोर्डवरून या यादीत १२० पर्यंतचेच आकडे दिसत होते, कारण तेथील पोर्ट जुन्या एचडीएमआय १.४ चा होता; तीच केबल कार्डाला लावल्यावर यादीत १४४ आले. पण ते आपोआप निवडले गेले नव्हते. ते हाताने निवडावे लागले.

आता Settings > System > Display > Graphics येथे जाऊन यादी पाहावी. केबल चुकीची असताना कोणी “उपाय” म्हणून एखाद्या गेमला Power saving असे नेमून दिले असेल, तर तो गेम केबल बदलल्यानंतरही अंगभूत ग्राफिक्सवरच चालत राहतो. त्याला Let Windows decide किंवा High performance वर आणावे.

पडताळणी: टप्पा १ मधील आज्ञा पुन्हा द्यावी. कार्डाच्या ओळीपुढे आडवे रिझोल्यूशन आणि निवडलेला रिफ्रेश रेट दिसला पाहिजे आणि अंगभूत ग्राफिक्सची ओळ कोरी असली पाहिजे, किंवा ती ओळच नाहीशी झालेली असली पाहिजे. त्यानंतर अडखळणारा गेम सुरू करून GPU engine चा स्तंभ पाहावा. भाच्याचा दुसरा गेम आता कार्डाच्या क्रमांकावर दिसू लागला. त्या गेममध्ये गडबड काहीच नव्हती.

## जुना व्हीजीए मॉनिटर असेल तर

आपल्याकडे हे फार घडते. मॉनिटर जुना, त्याला निळ्या टोकाची व्हीजीए केबल. नवे कार्ड आणले तर त्यावर व्हीजीए नाही. मदरबोर्डवर मात्र आहे. मग केबल मदरबोर्डलाच लागते. येथे निष्काळजीपणा नसतो, दुसरीकडे ती बसतच नाही. तरी परिणाम तोच होतो.

मॉनिटरला व्हीजीएखेरीज डीव्हीआय किंवा एचडीएमआय आहे का, हे आधी त्याच्या मागे वाकून पाहावे. पुष्कळ मॉनिटरांवर तो असतो आणि खोक्यात व्हीजीएचीच केबल आली म्हणून कोणी पाहिलेला नसतो. एचडीएमआय ते डीव्हीआय साधी केबल चालते, कारण दोन्ही डिजिटलच आहेत.

फक्त व्हीजीएच असेल, तर एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्टमधून व्हीजीए करणारा, आत चिप असलेला कन्व्हर्टर लागतो. दुकानात “डीव्हीआय टू व्हीजीए” म्हणून मिळणारा, फक्त पिना जोडणारा छोटा तुकडा घेऊ नये. तो चालण्यासाठी कार्डाच्या डीव्हीआयमधून जुन्या पद्धतीचा अ‍ॅनालॉग सिग्नल यावा लागतो, आणि एनव्हिडियाने तो २०१६ च्या जीटीएक्स १० मालिकेपासून बंद केला. त्या तुकड्याच्या आडव्या पात्याभोवतीच्या चार पिना कार्डाच्या पोर्टमध्ये शिरतच नाहीत. लोक त्या पिना पकडीने तोडून तो बसवतात. तोडल्यावर तुकडा बसतो, पण चित्र येत नाही, कारण चित्राचा सिग्नल त्याच चार पिनांमधून यायचा असतो.

## दोन मॉनिटर आणि मुद्दाम मदरबोर्डला जोडणे

दोन मॉनिटर असतील तर दोन्ही कार्डालाच जोडावेत. कार्डावर एकच एचडीएमआय आहे म्हणून दुसरा मदरबोर्डला लावण्याऐवजी डिस्प्लेपोर्ट ते एचडीएमआय केबल घ्यावी. ती स्वस्त मिळते. कार्डाचे सर्व पोर्ट भरले असतील आणि आणखी एका पडद्यावर केवळ कागदपत्रे किंवा दरांचे तक्ते पाहायचे असतील, तर तो मदरबोर्डला लावायला हरकत नाही. गेम ज्या मॉनिटरवर खेळायचा तो मात्र कार्डालाच असावा.

कार्ड बिघडले आहे का हे तपासताना मदरबोर्डचा पोर्टच उपयोगी पडतो. म्हणून अंगभूत ग्राफिक्स असलेल्या संगणकावर ते बायोसमधून कायमचे बंद न करणे मला बरे वाटते.

## शेवटची पायरी: वरचा पोर्ट झाकून ठेवा

टप्पा २ मध्ये कार्डावरून काढलेले एचडीएमआयचे झाकण आता मदरबोर्डच्या एचडीएमआयमध्ये बसवावे. दोन्हींचा आकार एकच आहे. झाकण हरवले असेल तर कागदी चिकटपट्टीचा तुकडा त्या पोर्टवर लावावा आणि कार्डाच्या पोर्टशेजारी पेनने “मॉनिटर” असे लिहावे. भाच्याच्या कॅबिनेटवर आता तसे लिहिलेले आहे. पुढच्या दिवाळीत कॅबिनेट पुसायला दुसऱ्या कोणी घेतले, तरी चाचपडणारा हात त्या झाकणावर अडेल.